तासाला एक लिटर

कंग्राळीचे हरिभाऊ बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं होते. शेवटची बारा वर्षं सुपरवायझर. धावायला त्यांनी सुरुवात केली ती पंचेचाळिशीत, डॉक्टरांनी रक्तातली वाढलेली साखर दाखवली तेव्हा. आधी शेताच्या बांधावरून, मग गावाबाहेरच्या रस्त्यावरून, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावावर नऊ मॅरेथॉन जमा झाल्या होत्या. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातल्या झाडांखाली रविवारी पहाटे सात-आठ माणसं त्यांच्याभोवती जमायची. कुणी वकील, कुणी बँकेत, कुणी नुसतंच पोट कमी करायला आलेलं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. फी नाही, शिट्टी नाही. अण्णा सांगतील ते करायचं, एवढंच.

अण्णांचं एक सांगणं मात्र देवाच्या नेमासारखं होतं. पाणी. "तहान लागायची वाट बघायची न्हाय. तहान लागली म्हंजे उशीर झाला म्हणून समजायचं."

याचं कारण ते कुणाला सांगत नसत. घरी बायकोला, सोनाबाईंना, तेवढं ठाऊक होतं. ते सुपरवायझर झाल्यावर पहिल्याच वर्षी, ऐन मे महिन्यात, भट्टीवर मल्लाप्पा नावाचा कामगार होता. दुपारच्या पाळीत तो म्हणाला, "साहेब, जरा पाणी पिऊन येतो." वितळलेलं लोखंड तयार होतं, साचे वाट बघत होते. हरिभाऊ म्हणाले, "एवढं ओतून घे, मग जा." मल्लाप्पानं ओतलं. माठाकडं जाता जाता तो कोसळला, तो उठलाच नाही. उष्माघात, असं दवाखान्यात लिहिलं. कंपनीनं हरिभाऊंना काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या पाळीत प्रत्येकाच्या हाताशी पाण्याचा तांब्या असे, आणि तो रिकामा झाला नाही तर हरिभाऊ ओरडत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुठंतरी ऐकलं, की आपल्याला घाम किती येतो ते मोजता येतं. एप्रिलच्या एका सकाळी उशिरानं, ऊन चांगलं तापल्यावर, त्यांनी मोजून पाहिलं. आधी लघवी करून, कपडे काढून काट्यावर उभे राहिले. एकाहत्तर किलो चारशे. तासभर नेहमीच्या वेगानं धावले. बरोबर दोनशे मिलिलिटर पाणी नेलं होतं ते संपवलं. मध्ये लघवीला थांबले नाहीत. घरी येऊन अंग कोरडं पुसलं आणि पुन्हा काट्यावर चढले. सत्तर किलो दोनशे. एक किलो दोनशे ग्रॅम वजन उतरलं म्हणजे एक लिटर दोनशे पाणी अंगातून गेलं, त्यात प्यायलेलं दोनशे मिळवायचं. एका तासात एक लिटर चारशे. हिशोब सोपा होता आणि बरोबर होता. गेलेलं सगळंच भरून काढायला लागत नाही हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, तासाला एक लिटर.

त्या उन्हाळ्यात ते इतके छान धावले, की त्यांना वाटलं, गुरुकिल्ली सापडली. एका कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, दर अर्ध्या तासाला अर्धा लिटर. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि गटातल्या सगळ्यांना वाटल्या.

पूर्णिमा गटात आली ती त्याच पावसाळ्यात. वडगावची. घरात चार पिढ्या विणकामाच्या, आता दोन यंत्रमाग भाऊ चालवायचा आणि ही प्राथमिक शाळेत शिकवायची. छत्तीस वर्षांची, किरकोळ अंगाची, अठ्ठेचाळीस किलोची. धावायची सावकाश, पण थांबायची नाही. बाकीचे पुढं निघून जायचे, गप्पा मारून, चहा पिऊन होईपर्यंत ती मागून एकटीच यायची. तोंडावर दमल्याची खूण नाही. हरिभाऊ म्हणायचे, "ह्या पोरीत लांबचा दम हाय." त्यांना मुलगी नव्हती. हळूहळू तिच्या बुटांपासून आहारापर्यंत सगळ्याची चौकशी ते करायला लागले, आणि तीही वहीत लिहून ठेवायची. शिक्षिकाच ती. सांगितलेला अभ्यास करून आणायची.

गटाचा जानेवारीतला एक नेम होता. उद्यमबागेतून पहाटे निघायचं, देसूर, गणेबैल, खानापूर करत गुंजीला पोचायचं. तेहतीस-चौतीस किलोमीटर. तिथं आंघोळ नाही, पण भाकरी-पिठलं असायचं, आणि परत यायला रेल्वे. पूर्णिमेनं त्या वर्षी जायचं ठरवलं. तेव्हा हरिभाऊंनीच तिला सांगितलं, "एकदा स्वतःचा घाम मोजून बघ. माहीत असावं."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती वही घेऊन आली.

"अण्णा, मोजला. जाताना अठ्ठेचाळीस सहाशे, आल्यावर अठ्ठेचाळीस पाचशे. अडीचशे मिली पाणी प्याले. म्हणजे तासाला साडेतीनशेच होतंय की."

"कपडे बदललीस आल्यावर?"

"नाही, तशीच उभी राहिले."

हरिभाऊ हसले. "तिथंच चुकलं बघ. घाम कपड्यात जिरला आन् त्याचं वजन काट्यावर भरलं. कपडे काढून, अंग पुसून मोजायचं. परत कर."

यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. तिनं पुढच्या रविवारी तसंच केलं आणि वही पुन्हा पुढं धरली. जाताना अठ्ठेचाळीस पाचशे, आल्यावर अठ्ठेचाळीस तीनशे, पाणी तीनशे. तासाला अर्धा लिटर.

हरिभाऊ त्या वेळी वकील श्रीनाथच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते. त्यांनी वहीकडं पाहिलं न पाहिलं.

"बघ, वाढला की आकडा. अजून नीट मोजलीस तर अजून वाढंल."

"पण अण्णा, कागदावर तासाला लिटर लिहिलंय. मला एवढा घामच येत नसेल तर?"

"अगं, घरचा काटा तो. त्याचा काय भरवसा? माझं ऐक. पाणी जास्त झालं म्हणून कुणी मेलं न्हाय. कमी झाल्यानं मेलेलं मी डोळ्यानं बघितलंय."

पूर्णिमेनं वही मिटली. "बरं," म्हणाली.

ते 'बरं' पुढं हरिभाऊंना फार दिवस ऐकू येत राहिलं. त्यात नाराजी नव्हती, शंकाही नव्हती. मोठ्या माणसानं सांगितलं, विषय संपला, अशा सुरातलं ते 'बरं' होतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी चांगलीच थंडी होती. उद्यमबागेत बंद कारखान्यांच्या भिंतींवर दव उतरलं होतं आणि बोलताना तोंडातून वाफ येत होती. हरिभाऊंची टाच दुखत होती, म्हणून ते स्वतः धावणार नव्हते. श्रीनाथची ओम्नी घेऊन ते पुढं पुढं जाणार, दर चार-पाच किलोमीटरला थांबणार, पाणी देणार. गाडीत मागं त्यांनी अर्ध्या लिटरच्या बाटल्या रचल्या होत्या. प्रत्येकीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ. पावणेसहाला सगळे निघाले.

देसूरजवळ पहिला थांबा. हरिभाऊ बाटल्या उघडून उभेच होते. "संपवा, संपवा. थंडी हाय म्हणून फसू नका, घाम आत येतोय." कुणी दोन घोट घेतले, कुणी बाटली हातात घेऊन पुढं पळाले. पूर्णिमा शेवटी आली. तिथंच उभी राहून तिनं बाटली संपवली, रिकामी परत दिली, आणि निघाली.

असं प्रत्येक थांब्यावर. पुढं गेलेल्यांनी बाटल्यांचं काय केलं ते हरिभाऊंना नंतर कळलं. श्रीनाथनं निम्मं पाणी झुडपात ओतलं होतं. बँकेतल्या राघवेंद्रनं तोंड धुतलं होतं. अण्णांना कशाला वाईट वाटू द्यायचं, म्हणून कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांत पूर्णिमा एकटी आज्ञाधारक निघाली. आणि ती सगळ्यांत सावकाश धावणारी, म्हणजे तिचे तास जास्त, बाटल्याही जास्त.

गणेबैलच्या पुढं तिनं बोटातली अंगठी फिरवत म्हटलं, "अण्णा, अंगठी रुतायला लागलीय. हात सुजल्यागत वाटतायत."

"हात खाली लोंबत ऱ्हातात, म्हणून. पी तू."

खानापूरला ती पोचली तेव्हा पोट हातानं दाबत होती. "डबडबल्यागत होतंय. आता नको पाणी."

"हेच चुकतं," हरिभाऊ म्हणाले. "इथनं पुढंच खरं लागतंय. दोन घोट, चल, माझ्यासाठी." तिनं डोळे मिटून बाटली संपवली.

शेवटच्या टप्प्यात ते गाडी अगदी सावकाश तिच्या मागून चालवत होते. तिचं डोकं दुखत होतं. एकदा ती थांबली आणि ओकली. ओकारीत नुसतं पाणी होतं. हरिभाऊ घाबरले. आणि घाबरलेल्या माणसाला जे एकच औषध माहीत असतं तेच तो काढतो. त्यांनी नवी बाटली उघडली. "अंगातलं पाणी गेलं बघ सगळं. घे, सावकाश घे."

पावणेअकराला ती गुंजीत पोचली. बाकीचे टाळ्या वाजवत होते. तिनं सगळ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "शाळा सुटली?"

लोक हसले. श्रीनाथ हसला नाही. "अण्णा, ही बरोबर दिसत न्हाय," तो म्हणाला. त्यांनी तिला गाडीत आडवं केलं आणि दोघं बेळगावच्या रस्त्याला लागले. श्रीनाथ चालवत होता. हरिभाऊ मागं, तिचं डोकं मांडीवर घेऊन. खानापूर ओलांडून थोडं पुढं गेल्यावर तिचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले, आणि हातपाय झटके देऊ लागले.  पायाशी बाटल्या गडगडत होत्या.

दवाखान्यात अपघात विभागात डॉक्टर निवेदिता होत्या. तरुण, झटपट बोलणाऱ्या. रक्त तपासायला पाठवता पाठवता त्यांनी विचारलं, "किती वेळ धावल्या?"

"पाच तास."

"पाणी किती प्यायल्या?"

"त्याची काळजी नको, मॅडम," हरिभाऊ म्हणाले. "पाणी मी कमी पडू दिलं न्हाय. साडेचार लिटरच्या वर गेलंय. मी मोजून दिलंय."

डॉक्टर जागच्या जागी थांबल्या. "निघताना वजन किती होतं, माहितेय?"

माहीत होतं. वही गाडीतल्या तिच्या पिशवीत होती, आणि तिनं नेमानं त्या पहाटेचंही लिहिलं होतं. अठ्ठेचाळीस चारशे. त्यांनी पूर्णिमेला वजन दाखवणाऱ्या पलंगावर घेतलं. पन्नास किलो सहाशे.

"चौतीस किलोमीटर धावून बाई दोन किलोनं जड झाल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "धावून आलेला माणूस थोडा हलका व्हायला हवा. हे जास्तीचं पाणी अंगातच राहिलंय. एवढा वेळ धावताना शरीर लघवीही धरून ठेवतं."

रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम एकशे अठरा. एकशे पस्तीसच्या खाली जाऊ नये ते. पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ झालं होतं, आणि मेंदूला सूज आली होती.

"मीठ होतं की पाण्यात," हरिभाऊ कसंबसं म्हणाले.

"चिमूटभर मिठानं हे भरून निघत नाही, काका. पाणीच गरजेपेक्षा दुप्पट गेलंय."

त्यांनी पाणी बंद केलं. तीव्र मिठाचं सलाइन थोडं थोडं द्यायला सुरुवात केली, आणि तिला आत हलवलं.

तिची आई अंबुबाई वडगावहून आल्या. हाताला सुताचे धागे तसेच चिकटलेले. त्यांनी हरिभाऊंना हात जोडले. "तुम्ही होतासा म्हणून बरं झालं, अण्णा. न्हायतर पोरीला कोण आणलं असतं?"

 त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं, हे हरिभाऊंना तेव्हाही कळत होतं. श्रीनाथनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आल्या, आणि काय झालं ते त्यांनीच अंबुबाईंना नीट समजावून सांगितलं. अंबुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्या लांबच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पुन्हा हरिभाऊंशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत पूर्णिमेला लघवी होऊ लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला ओळखलं. पाचव्या दिवशी घरी गेली. खानापूरनंतरचं तिला काही आठवत नव्हतं. आणि त्यानंतर बरेच आठवडे फळ्यावर लिहिता लिहिता शब्द निसटायचा. मुलं सांगायची, "बाई, पुढं लिहा की."

हरिभाऊ घरी येऊन आजाऱ्यासारखे पडून राहिले. सोनाबाईंनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मल्लाप्पाच्या घरला तुम्ही कधी गेला न्हाईसा. हितं तरी जावा."

पूर्णिमा घरी आल्यावर ते वडगावला गेले. आतून मागाचा खटखट आवाज येत होता. अंबुबाईंनी दार उघडलं, त्यांना पाहून आत वळल्या, पण दार लावलं नाही. पूर्णिमा पुढच्या खोलीत पोरांच्या वह्या तपासत बसली होती. चेहरा उतरला होता. "या अण्णा," म्हणाली. चहा आला. चहाचा कप दोन्ही हातांत धरून हरिभाऊ बसले.

"माझं चुकलं, पोरी."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

"मुद्दाम न्हाय. पर चुकलं."

ती थोडा वेळ वहीवर लाल रेघ मारत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, मी तुम्हाला आकडा सांगितला होता. दोनदा सांगितला."

"व्हय."

"तुमचा आकडा तुमच्यापुरता बरोबर होता. माझा माझ्यापुरता बरोबर होता. तुम्ही माझा बघितलासुद्धा नाही. आणि मी मुकाट्यानं बरं म्हटलं. त्याचाच मला जास्त राग येतो, स्वतःचा."

हरिभाऊंना तेव्हा मल्लाप्पाबद्दल सांगावंसं वाटलं. शब्द ओठावर आले. पण ते सांगितलं तर ती त्यांना समजून घेईल, कदाचित त्यांचं सांत्वनही करेल, आणि ते तिच्याकडून घ्यायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी उरलेला चहा संपवला.

उठताना त्यांनी विचारलं, "परत येशील का धावायला? सावकाश, बरं झाल्यावर?"

"धावेन," ती म्हणाली. "धावायची भीती नाही बसली. पण तुमच्यासंगं नाही धावणार, अण्णा. तुम्ही काही म्हणालात की मी परत बरंच म्हणेन."

त्यांनी मान डोलावली. पायात चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढच्या रविवारी डेपोवर हरिभाऊंनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि घडलं तसं सांगितलं. तिनं आकडा दोनदा आणला होता हेही सांगितलं, घरच्या काट्याला आपण काय म्हणालो तेही सांगितलं. वाटलेले कागद परत मागितले. दोघांनी आणून दिले, बाकीच्यांनी कधीच हरवले होते. राघवेंद्र म्हणाला, "जाऊ दे अण्णा, कुणाच्या मनात काय न्हाय." श्रीनाथ म्हणाला, "आम्ही पाणी झुडपात ओतलं, ते तुम्हाला त्याच दिवशी तोंडावर सांगायला पायजे होतं." 

आता नवीन माणूस आला की हरिभाऊ आधी स्वतः गप्प बसतात. त्याला म्हणतात, घरी मोज. थंडीत एकदा, उन्हाळ्यात एकदा, सावकाश धावून एकदा, जोरात धावून एकदा. कपडे काढून, अंग पुसून. उतरलेल्या वजनात प्यालास ते मिळव, मध्ये लघवीला गेलास तर ते वजा कर, जितके तास धावलास त्यानं भाग. आलेल्या आकड्यापेक्षा जास्त पिऊ नको. तहान लागली तर पी, पोट डबडबलं तर थांब. परत आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर मला विचारू नको, पाणी बंद कर. डोकं दुखाय-ओकाय लागलं तर सरळ दवाखाना गाठ. श्रीनाथचा आकडा थंडीत आठशे आला, उन्हाळ्यात बाराशे. राघवेंद्रचा भलताच वेगळा. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. हरिभाऊ प्रत्येकाची वही हातात घेतात, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि परत देतात.

गुंजीला गट अजून जातो. हरिभाऊ जात नाहीत. पूर्णिमा धावते म्हणे, येळ्ळूरच्या रस्त्यानं, एकटी, आठ-दहा किलोमीटर. श्रीनाथला एकदा दिसली होती. लांबचं पुन्हा धावली नाही. तिच्यातला लांबचा दम सगळ्यांत आधी हरिभाऊंनीच ओळखला होता.